सोसायटीच्या ग्रुपवरचे रोजचे गुलाब: ॲडमिनला मेसेज कसा लिहावा

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूर्य साधारण सव्वापाचला उगवतो. मग गुलाब, मग वाफाळता चहा, मग वाराप्रमाणे देव. साडेआठपर्यंत पंधरा-वीस चित्रं सहज जमतात, आणि त्यांच्या मध्ये कुठेतरी पाण्याची नोटीस असते. हे थांबावं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण बोलायचं कोणी आणि कसं, तिथे गाडी अडते. ग्रुपवर सरळ लिहिलं तर भांडण होतं. गप्प राहिलं तर नोटिसा वाहून जातात. मधला रस्ता म्हणजे ॲडमिनला खासगीत एक छोटा, हलका मेसेज पाठवणं. तो नेमका कसा लिहायचा, हे एका सोसायटीचं उदाहरण घेऊन बघू.

समजा मुलुंडची 64 घरांची सोसायटी आहे. ग्रुपवर 97 जण, आणि नोटिसा टाकतात ते सेक्रेटरी काका. एका बुधवारी सकाळी 6:40 ला त्यांनी लिहिलं, ‘आज टाकी धुणार आहेत, 11 ते 3 पाणी बंद.’ साडेआठपर्यंत त्याखाली 19 चित्रं आली. सव्वाअकराला तिघांनी वेगवेगळं विचारलं, ‘पाणी का गेलं?’

आधी एक आठवडा मोजा

‘रोज पन्नास फोटो येतात’ असं म्हणणं सोपं असतं, पण समोरचा लगेच म्हणतो, ‘एवढे कुठे येतात?’ म्हणून लिहायला बसण्याआधी सात दिवस मोजावं. ग्रुपच्या नावावर टॅप केलं की सगळे फोटो एका जागी दिसतात, तिथे मोजायला दहा मिनिटंही लागत नाहीत. आपल्या मुलुंडच्या ग्रुपवर आठवड्यात 88 शुभेच्छाचित्रं आणि 11 नोटिसा निघाल्या असं धरू. त्याहून महत्त्वाचं हे, की ती 88 चित्रं 97 जणांची नव्हेत, नऊ जणांची. बहुतेक ग्रुपवर हेच चित्र दिसतं: पाठवणारे मूठभर, तेच ते, आणि त्यांच्यात वयाने मोठे जास्त.

म्हणजे तुमचा मेसेज फिरून शेवटी त्या नऊ जणांपर्यंत पोचणार आहे, आणि ते लिफ्टमध्ये रोज भेटणारे आहेत. आकडे स्वतःजवळ ठेवायचे. मेसेजमध्ये एकच घ्यायचा, आणि तो चित्रांच्या संख्येचा नव्हे, तर चुकलेल्या नोटिशीचा. ‘तिघांना पाणी बंद असल्याचं कळलंच नाही’ याला कोणी उत्तर देऊ शकत नाही. ‘आठवड्यात 88 फोटो’ म्हटलं की मात्र त्या नऊ जणांची यादी काढल्यासारखं वाटतं.

मोबाइलची जागा भरते, हे कारणही पुढे करू नये. ते खोटं नाही. 2018 च्या सुरुवातीला अमेरिकी वृत्तपत्रातही बातमी आली होती, की भारतातले फोन भरून जातात त्याचं एक मोठं कारण सकाळच्या शुभेच्छांची चित्रं आहेत, असं गूगलच्या लोकांना आढळलं. पण ग्रुपवर त्यावर ‘मग डिलीट कर ना’ हे उत्तर तयार असतं आणि विषय तिथेच संपतो. नोटीस चुकणं हे सगळ्यांचं नुकसान आहे, फोन भरणं तुमच्या एकट्याचं.

पाठवणाऱ्याची बाजू माहीत असू द्या

‘डोकं न वापरता फॉरवर्ड करतात’ ही समजूत मेसेजच्या सुरात उतरते आणि तिथेच काम बिघडतं. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करताना एका वेळी पाचच चॅट निवडता येतात. फॉरवर्ड होऊन आलेला मेसेज पुढे ढकलायचा तर त्यात ग्रुप एकच घेता येतो. दोन बाण दिसणारं, म्हणजे खूप हातांतून फिरून आलेलं चित्र तर 2020 पासून एका वेळी एकाच चॅटला जातं. त्यामुळे जे आजोबा सोसायटी, भजनी मंडळ, जुनं ऑफिस आणि भाचरांचा ग्रुप असा चार ठिकाणी सुप्रभात पोचवतात, ते पहाटे बसून हाताने चारदा पाठवतात. त्यात वेळ आणि आपुलकी दोन्ही असतात. शिवाय एकट्या राहणाऱ्या माणसाचं सकाळचं चित्र म्हणजे शेजाऱ्यांना ‘मी उठलोय, ठीक आहे’ असा निरोपही असतो. एखाद दिवशी ते आलं नाही तर दार वाजवणारे शेजारी मुंबईत अजून आहेत.

म्हणून ‘बंद करा’ म्हणू नये, ‘तिकडे पाठवा’ म्हणावं. शुभेच्छांसाठी दुसरा ग्रुप सुचवला की मेसेजमधली निम्मी धार आपोआप जाते. त्या ग्रुपला ‘सुप्रभात कट्टा’ असं काहीतरी बरं नाव हवं. ‘फॉरवर्ड ग्रुप’ किंवा ‘टाइमपास’ असं नाव ठेवलं तर तिथे कोणी जात नाही, कारण आपल्याला अडगळीत टाकलंय हे लोकांना बरोबर कळतं.

काय मागायचं ते एका वाक्यात ठरवा

मागणी जितकी मोठी, तितका ॲडमिन टाळतो. ‘ग्रुपला शिस्त लावा’ यावर ते ‘बघतो’ म्हणतील आणि बघणार नाहीत. मागणी एवढीच ठेवावी: रोजची शुभेच्छाचित्रं मुख्य ग्रुपवर नकोत. सणांना सूट, वाढदिवसांना सूट. सणांची यादी मात्र करू नये. गुढीपाडवा, गणपती, दिवाळी लिहिलं आणि ईद, नाताळ किंवा पर्युषण राहिलं, तर टाकीच्या पाण्यावरून सुरू झालेला विषय भलतीकडेच जातो. ‘सणवार आणि वाढदिवस सोडून’ एवढं पुरतं.

दुसरी खबरदारी याहून नाजूक आहे. चित्रांचे प्रकार पाडू नका. सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त किंवा स्वामी, शनिवारी मारुती असा क्रम ठरलेला असतो. ‘देवांचे फोटो’ हे दोन शब्द मेसेजमध्ये आले की तुम्ही काय मागितलंत हे कोणी वाचणार नाही, फक्त ‘यांना देवांचे फोटो चालत नाहीत’ एवढंच पसरेल. गंमत करायची तर सूर्योदय, गुलाब आणि चहाचा कप यांच्यावर करावी. त्यांच्या बाजूने भांडायला कोणी येत नाही.

कोणाला पाठवायचा

ग्रुपच्या माहितीत ॲडमिनची नावं दिसतात. जुन्या सोसायट्यांत चार-पाच ॲडमिन निघतात, आणि ज्याने ग्रुप काढला तो कधीच ठाण्याला राहायला गेलेला असतो. मेसेज एकालाच करायचा, आणि तो नोटिसा टाकणाऱ्याला. पाण्याची, लिफ्टच्या दुरुस्तीची, सभेची नोटीस त्याचीच वाहून जाते आणि पुन्हा विचारणाऱ्यांचे फोनही त्यालाच येतात, म्हणून तुमची अडचण त्याला समजावून सांगावी लागत नाही. चारही ॲडमिनना एकदम पाठवलं तर प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल.

हाक मारताना रोजचंच संबोधन ठेवा. जिन्यात ‘काका’ म्हणत असाल तर मेसेजमध्ये ‘माननीय सचिव महोदय’ लिहू नका, तक्रारअर्ज आल्यासारखं वाटतं. ॲडमिन तुमच्याच वयाची बाई असेल तर ‘ताई’. ‘काकू’ लिहून पुढची विनंती मान्य होण्याची शक्यता कमीच.

मेसेज लिहिणं

बहुतेक जण पहिल्या झटक्यात असं काहीतरी लिहितात:

> सर्व सदस्यांना नम्र विनंती की ग्रुपवर गुड मॉर्निंगचे फालतू मेसेज टाकू नयेत. काही लोकांमुळे महत्त्वाच्या सूचना दिसत नाहीत. ॲडमिनने याची दखल घ्यावी.

यात ‘नम्र’ आणि ‘फालतू’ एकाच वाक्यात आहेत, आणि वाचणाऱ्याच्या लक्षात दुसरा शब्द राहतो. ‘काही लोकांमुळे’ म्हटलं की नऊ जण दुखावतात आणि उरलेले ते नऊ कोण याचा हिशोब मांडतात. ‘दखल घ्यावी’ ही वॉर्ड ऑफिसच्या अर्जातली भाषा आहे. शिवाय शुभेच्छा कुठे न्यायच्या ते यात कुठेच नाही.

आता हेच काकांना खासगीत:

> नमस्कार काका. बुधवारी टाकीची तुमची नोटीस वेळेवर आली होती, पण मी ती शोधेपर्यंत बारा सूर्योदय आणि सात गुलाब ओलांडले 🙂 तोवर पाणी गेलं होतं. अजून दोघातिघांचंही तसंच झालं.
> सकाळच्या शुभेच्छांसाठी एक वेगळा ‘सुप्रभात कट्टा’ केला तर? ज्यांना आवडतं ते तिकडे भेटतील, आणि या ग्रुपवर तुमच्या नोटिसा वर राहतील. सणवार, वाढदिवस इथेच.
> तुम्हाला पटलं तर ग्रुपवर टाकायला दोन ओळी लिहून ठेवल्यात, खाली पाठवते. तुम्हाला हवा तसा बदल करा.

पहिल्याच वाक्यात काकांचं काम वेळेवर झालं होतं हे आलं. दोष त्यांच्याकडे जात नाही, त्यामुळे पुढचं ते शांतपणे वाचतात. गंमत एकच आहे आणि ती लिहिणारीवरच आहे. दोन विनोद झाले की मेसेज टोमण्यासारखा वाचला जातो. ‘तोवर पाणी गेलं होतं’ ही खरी गोष्ट असेल तरच लिहावी. काका तुमच्या मजल्यावरच राहत असतील तर खोटं लगेच पकडलं जातं. मागणी प्रश्नाच्या रूपात आली आहे, म्हणून ‘हो’ म्हणणं सोपं जातं आणि ‘नको’ म्हटलं तरी कोणाचा अपमान होत नाही. लांबीही बघा: स्क्रीन न सरकवता पूर्ण दिसला पाहिजे. फार लांब मेसेज व्हॉट्सॲप मध्येच कापून Read more दाखवतं, आणि ते दाबण्याचा उत्साह सेक्रेटरीला क्वचितच असतो.

ग्रुपसाठीचा मजकूर वेगळा पाठवा

इथेच बरेच प्रयत्न फसतात. काकांना पटतं, पण लिहायचा कंटाळा येतो, आणि ते तुमचाच मेसेज ग्रुपवर फॉरवर्ड करतात, तुमच्या सूर्योदयांसकट. म्हणून ग्रुपवरचा मजकूर स्वतंत्र दुसरा मेसेज म्हणून पाठवावा, आणि त्यात ‘काका’ही नको, तुमचा उल्लेखही नको:

> सर्वांना नमस्कार 🙏 पाणी, लिफ्ट, सभा यांच्या सूचना सगळ्यांना पटकन दिसाव्यात म्हणून रोजच्या शुभेच्छांसाठी आपण ‘सुप्रभात कट्टा’ हा वेगळा ग्रुप केला आहे. लिंक खाली आहे. सकाळच्या गप्पा आता तिथे! सणवार आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा इथेच चालू राहतील.

आणि काकांना एक ओळ जोडायची: ‘हा फॉरवर्ड न करता कॉपी करून टाका.’ फॉरवर्ड केला तर वर Forwarded अशी पट्टी येते. फॉरवर्ड थांबवा असं सांगणारा मेसेजच फॉरवर्ड होऊन आला, तर दिवसभर त्यावरच हशा चालेल. शिवाय हे कोणीतरी काकांच्या गळी उतरवलं हेही सगळ्यांना दिसेल. मेसेज दाबून धरून एकटाच कॉपी केला तर फक्त मजकूर येतो. दोन मेसेज एकदम निवडून कॉपी केले तर सोबत तुमचं नाव आणि वेळही चिकटते, ते पेस्ट करण्याआधी पुसावं लागतं. म्हणूनही हा मजकूर एकाच मेसेजमध्ये बसवा.

मुंबईतल्या सोसायटीत मराठीबरोबर गुजराती, तमिळ, सिंधी घरं असतातच. खाली दोन ओळी साध्या हिंदीत जोडा, नाहीतर निम्मे लोक दुसऱ्या दिवशी चित्र टाकतील आणि त्यांची चूकही नसेल.

वेळ

नोटीस चुकल्याच्या दिवशी संध्याकाळी सात ते नऊच्या मध्ये पाठवणं सगळ्यात बरं. प्रसंग ताजा असतो आणि काका कामावरून परतलेले असतात. सकाळी पाठवू नका, तुमचा मेसेजही गुलाबांच्या गर्दीत जाईल. ग्रुपवरचा मजकूर काकांनी संकष्टीला, गुरुवारी किंवा कोणाच्या निधनाची बातमी आलेली असताना टाकू नये. वाढदिवसाच्या दिवशीही नको, त्याच्या शुभेच्छांमध्ये तो बुडतो. साधा सोमवार किंवा बुधवार, रात्री नऊच्या सुमारास, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या सूर्योदयाच्या आधी सगळ्यांच्या डोळ्यांखालून जातो.

कट्ट्याची लिंक तयार होण्याआधी मजकूर टाकू नका. ‘लवकरच ग्रुप काढू’ म्हटलं की जागा नसलेल्या शुभेच्छा इथेच येत राहतात. शक्य असेल तर आजोबांना आधीच फोन करून ‘कट्ट्याचं तुम्हीच बघाल का?’ असं विचारायला काकांना सुचवा. सगळ्यात जास्त चित्रं पाठवणाराच कट्ट्याचा ॲडमिन झाला, की मुख्य ग्रुप पहिल्याच आठवड्यात निवळतो. इतकी परिणामकारक दुसरी युक्ती नाही.

काकाच गुलाब पाठवत असतील तर

असं बरेचदा असतं. मग ‘शुभेच्छा’ हा शब्द मागे ठेवून फक्त नोटिशीबद्दल बोला: ‘काका, तुमच्या नोटिसा हरवतात, त्या पिन करता येतील का?’ मेसेजवर बोट दाबून धरलं की Pin मिळतं, आणि तो 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवस वर ठेवता येतो. नोटीस पिन झाली की तुमचं काम निम्मं झालं. कट्ट्याचा विषय पंधरा दिवसांनी, समोरासमोर. त्यांना मेसेजमधून सुचवलं तर ते स्वतःलाच बोललं असं धरतील, आणि खरं तर तसंच असतं.

त्यानंतरचे दोन आठवडे

मजकूर पडल्यावर तो 30 दिवसांसाठी पिन करायला सांगा आणि ग्रुपच्या वर्णनातही एक ओळ घाला. वर्णन जुने सदस्य वाचत नाहीत, पण नवा भाडेकरू ग्रुपवर आला की त्याला ते समोर दिसतं. तुम्ही स्वतः मजकुरावर फक्त 🙏 अशी प्रतिक्रिया द्या. ‘एकदम बरोबर! कधीपासून सांगायचं होतं’ असं लिहिलंत की आतापर्यंत लपलेलं सगळं उघडं पडतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी विसरतंच. त्या चित्राला रिप्लाय करून ‘नियम वाचा’ म्हणणं हे सगळ्यात मोठं बिघडवणं. असा एक रिप्लाय गेला की चित्र टाकणारा दुखावतो, त्याच्या बाजूने दोघे उतरतात, आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम चार चित्रं येतात. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, पण पहिल्या आठवड्यात ते हत्यार काढू नये, कारण कोणी डिलीट केलं हे तिथे दिसतं. काकांनी खासगीत ‘आजोबा, हा कट्ट्यावर टाका ना, तिथे सगळे वाट बघतायत’ एवढं म्हणावं.

इतकं करूनही फरक पडला नाही तर फक्त ॲडमिनने लिहायचं अशी सेटिंग करता येते, Group permissions मध्ये Send new messages बंद करून. ती पहिल्या दिवशी मागू नका. ती चालू असताना लिफ्टमध्ये अडकलेला माणूस ग्रुपवर हाक मारू शकत नाही, आणि पावसात ‘पार्किंगमध्ये पाणी शिरतंय, गाड्या काढा’ हे पहिल्यांदा बघणारा बहुतेक वेळा ॲडमिन नसतो. नोटिसांपुरता वेगळा ग्रुप काढून फक्त तिथे ही सेटिंग ठेवावी, मुख्य ग्रुप उघडाच राहू द्यावा. ग्रुप कायमचा म्यूट करणं हा उपाय नव्हे, त्यात नोटिसाही म्यूट होतात. फोटो आपोआप उतरू नयेत म्हणून Media auto-download बंद करणं मात्र काकांच्या उत्तराची वाट न बघता आजच करता येतं.

घडी पुन्हा विस्कटते ती सणांना. सूट सगळ्यांना असते, आणि दिवाळीची सूट भाऊबीज झाल्यावरही आठवडाभर आपोआप चालू राहते. तोवर पिनचे 30 दिवसही संपलेले असतात. म्हणून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी रात्री काकांना एवढंच पाठवा: ‘काका, फराळ संपला, आता शुभेच्छांना कट्ट्यावर पाठवायचं का? जुना मजकूर पुन्हा पिन कराल?’